बसून राहिलेल्या गेटची झीज: ६० पिकोसेकंदांच्या गार्ड बँडचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण औद्योगिक यंत्रांच्या नेटवर्कसाठी बनवलेल्या एका कंट्रोलर चिपचं आहे. तंत्रज्ञान २८ नॅनोमीटरचं, पुरवठा ०.९ व्होल्ट, त्यात १० टक्के वर-खाली. म्हणजे व्होल्टेज कमीत कमी ०.८१ आणि जास्तीत जास्त ०.९९. क्लॉक ८०० मेगाहर्ट्झचा, म्हणून एक पिरियड १२५० पिकोसेकंदांचा. चिप १० वर्षं अहोरात्र चालायची आणि तिचं आतलं तापमान १०५ अंशांपर्यंत जाऊ शकतं असं गृहीत धरलं होतं.

चिपमध्ये दोन लिंक होत्या, एक मुख्य आणि एक राखीव. मुख्य लिंक तुटली की राखीव लिंकने लगेच काम उचलायचं. एरवी तिला काही काम नाही, म्हणून वीज वाचवण्यासाठी तिचा क्लॉक क्लॉक-गेट लावून बंद ठेवलेला. दिवसातून काही सेकंद स्वतःची तपासणी करण्यापुरती ती जागी व्हायची आणि पुन्हा थांबायची. पुढे जे घडलं त्याचं मूळ या बसून राहण्यात आहे.

पिरियडची वाटणी अशी होती: क्लॉकच्या जिटरसाठी ४० पिकोसेकंद, एजिंगसाठी, म्हणजे वयाबरोबर येणाऱ्या झिजेसाठी ६०, उरलेले ११५० प्रत्यक्ष लॉजिक आणि फ्लिप-फ्लॉपसाठी. हे ६० पिकोसेकंद म्हणजेच गार्ड बँड. नव्या चिपला त्यांची गरज नसते. आज ११५० मध्ये संपणारं काम दहा वर्षांनी जास्त वेळ घेणार, तेव्हा खर्चायला म्हणून ते आधीच बाजूला काढून ठेवायचे. टायमिंगच्या फाइलमध्ये जिटर आणि एजिंग मिळून एकच ओळ होती, आकडा नॅनोसेकंदांत:

```
set_clock_uncertainty -setup 0.100 [get_clocks core_clk]
```

६० हा आकडा कुठून आला

पीमॉस ट्रान्झिस्टरचं गेट शून्यावर असताना तो चालू असतो आणि त्याच वेळी त्याच्या ऑक्साइडवर ताण असतो. ताण आणि उष्णता यांमुळे सिलिकॉन आणि ऑक्साइडच्या सीमेवरचे बंध तुटतात, ऑक्साइडमधल्या सापळ्यांत चार्ज अडकतो आणि थ्रेशोल्ड व्होल्टेज थोडं थोडं चढत जातं. याला एनबीटीआय म्हणतात. हाय-के ऑक्साइड आल्यापासून एनमॉसमध्येही गेट एकवर असताना असाच प्रकार होतो, पीबीटीआय, पण इथे तो सौम्य होता. थ्रेशोल्ड चढला की ट्रान्झिस्टर तेवढ्याच व्होल्टेजला कमी करंट देतो, पुढच्या गेटची कपॅसिटन्स भरायला जास्त वेळ लागतो आणि गेट हळू होतं. हिशेबाला हे सूत्र पुरेसं आहे:

```
D ∝ Vdd / (Vdd − Vt)^α        (α ≈ 1.3)
ΔD/D ≈ α · ΔVt / (Vdd − Vt)
```

थ्रेशोल्ड ०.४ व्होल्ट धरला आणि दहा वर्षांत तो २५ मिलिव्होल्टने चढला, तर ०.८१ व्होल्टवर त्या गेटचा उशीर १.३ × २५ / ४१०, म्हणजे सुमारे ८ टक्के वाढतो. ०.९ व्होल्टवर हाच उशीर साडेसहा टक्के भरतो. झीज होते जास्त व्होल्टेजला, आणि ती जाणवते कमी व्होल्टेजला. म्हणून हिशेब करताना चिप जन्मभर ०.९९ वर चालली आणि नेमक्या कसोटीच्या क्षणी ०.८१ वर आली असं धरावं लागतं. वेळ मोजण्याच्या मार्गात साधारण प्रत्येक दुसऱ्याच गेटला पीमॉस वर ओढतो, म्हणून ८ चे ४ टक्के होतात. एनमॉसची थोडी भर घातली की जवळपास ५ टक्के. १२५० च्या ४.८ टक्के म्हणजे ६० पिकोसेकंद.

झीज रोज सारख्या दराने होत नाही. ती वेळेच्या साधारण १/६ व्या घाताने वाढते. दहा वर्षांची झीज १०० धरली तर पहिल्या दिवशीच सुमारे २५ होऊन जाते, पहिल्या महिनाअखेर ४५, पहिल्या वर्षाअखेर ६८. आयुष्य दहाचं वीस वर्षं केलं तरी गार्ड बँड फक्त १२ टक्क्यांनी वाढतो. याची दुसरी बाजू मात्र कठोर आहे. गार्ड बँड थोडासाच कमी पडला तर चिप दहाव्या वर्षाऐवजी नवव्या वर्षी बिघडत नाही, ती खूपच आधी बिघडते.

अडचण

उत्पादनाच्या मंजुरीआधी ७७ चिप एचटीओएल चाचणीत, म्हणजे जास्त उष्णतेत चालवून झीज लवकर घडवणाऱ्या चाचणीत ठेवल्या होत्या: १२५ अंश, वाढवलेलं व्होल्टेज, १००० तास. या चिपच्या बाबतीत ते १००० तास म्हणजे प्रत्यक्ष वापराची सुमारे ८ वर्षं, असा टीमचा हिशेब होता. १६८ आणि ५०० तासांना सर्व चिप पास झाल्या. १००० तासांना तीन चिप नापास झाल्या, उणे ४० अंशांवर, ०.८१ व्होल्ट आणि ८०० मेगाहर्ट्झला, आणि फक्त राखीव लिंकच्या तपासणीत. व्होल्टेज ०.८३ केलं की तिन्ही पास. ०.८१ वरच ठेवून वेग ७७० वर आणला तरीही पास. अशा रीतीने काठावर सरकणारं अपयश टायमिंगचं असतं. तार तुटली असती किंवा कुठे शॉर्ट असता तर व्होल्टेज आणि वेग बदलून फरक पडला नसता.

इथे पहिला निर्णय चुकला. चिपवर झीज मोजण्यासाठी एक रिंग ऑसिलेटर, म्हणजे स्वतःच फिरत राहणारी इन्व्हर्टरांची साखळी होती. हा ऑसिलेटर २.६ टक्केच मंदावलेला दिसला, ठेवलेल्या ४.८ टक्क्यांच्या बराच आत. त्यावरून दोष टेस्ट बोर्डाचा असावा असं ठरलं आणि बोर्ड, सॉकेट, केबल तपासण्यात दोन आठवडे गेले. तोवर तिन्ही चिप फळीवर पडून होत्या. परत तपासल्या तेव्हा त्यांतली एक पास झाली. बोर्डाचा संशय त्यामुळे आणखी बळावला.

वास्तविक ती चिप अंशतः सावरली होती. ताण काढला की अडकलेल्या चार्जचा काही भाग सुटतो आणि थ्रेशोल्ड थोडा खाली येतो. ही सुटका पहिल्या क्षणापासूनच सुरू होते आणि दिवसेंदिवस चालू राहते. त्या चिपला पुन्हा ४८ तास ताण दिला, थंड करतानाही व्होल्टेज लावून ठेवलं आणि लगेच मोजलं, तेव्हा ती पुन्हा नापास झाली. बोर्डाचा प्रश्न तिथे मिटला.

रिंग ऑसिलेटरला हे का दिसलं नाही

रिंग ऑसिलेटर चाचणीभर फिरत होता. त्याचा प्रत्येक पीमॉस अर्धा वेळ ताणात आणि अर्धा वेळ मोकळा होता. सतत एकाच स्थितीत अडकलेल्या ट्रान्झिस्टरची झीज त्याच्या जवळपास दुप्पट होते. इथल्या मॉडेलप्रमाणे फिरत्या पीमॉसचे २५ मिलिव्होल्ट, तर थांबलेल्याचे ४५. राखीव लिंकचे गेट ९९ टक्क्यांहून जास्त वेळ थांबलेलेच होते.

नुसतं दुप्पट म्हणून भागत नाही, कारण ही झीज कोणत्या एजला लागते ते महत्त्वाचं. क्लॉकच्या फांदीतले तीन इन्व्हर्टर घ्या. क्लॉक शून्यावर थांबवलेला आहे. पहिल्या इन्व्हर्टरच्या इनपुटला ०, त्यामुळे त्याचा पीमॉस ताणात. त्याचं आउटपुट १, म्हणून दुसऱ्याचा एनमॉस ताणात आणि पीमॉस मोकळा. तिसऱ्याचा पुन्हा पीमॉस ताणात. असे महिनोन्महिने.

आता क्लॉक जागा होतो आणि ० चा १ होतो. पहिल्या इन्व्हर्टरचा एनमॉस आउटपुट खाली ओढतो, दुसऱ्याचा पीमॉस वर ओढतो, तिसऱ्याचा एनमॉस खाली. हे तिन्ही आजवर मोकळे असलेले ट्रान्झिस्टर. चढती एज नव्या चिपइतकीच वेगाने जाते. मग क्लॉक १ चा ० होतो. पहिल्याचा पीमॉस, दुसऱ्याचा एनमॉस, तिसऱ्याचा पीमॉस, आणि हे तिन्ही झिजलेले. उतरती एज प्रत्येक टप्प्यावर उशीर करत जाते. फिरत्या मार्गात ताजे आणि झिजलेले असे सरासरी भरून निघतं, इथे एका एजला सगळे झिजलेले आणि दुसरीला सगळे ताजे. साधं सूत्र असं की थांबलेल्या स्थितीतून बाहेर पडणारी एज बिनधास्त असते, तिच्याकडे परतणारी एज हळू पडते.

राखीव लिंकमध्ये एक मार्ग अर्ध्या सायकलचा होता. उतरत्या एजला डेटा सुटायचा आणि लगेच पुढच्या चढत्या एजला पकडला जायचा, हातात वेळ ६२५ पिकोसेकंद. क्लॉक-गेटपासून पुढची फांदी ३०० पिकोसेकंदांची होती. तीत पीमॉसचे टप्पे सुमारे १४ टक्के आणि एनमॉसचे ६ टक्के मंदावले, सरासरी १० टक्के. म्हणून उतरती एज ३० पिकोसेकंद उशिरा आली. पकडणारी चढती एज मात्र वेळेवरच. त्यात डेटाचा मार्ग ४५० पिकोसेकंदांचा, तोही थांबलेलाच, आणि प्रत्येक वापरानंतर त्याच विश्रांतीच्या स्थितीकडे परतणारा. त्याचे आणखी ४५. एकूण ७५ पिकोसेकंद.

बाजूला काढलेले होते ६०, आणि साइनऑफच्या, म्हणजे टायमिंगच्या शेवटच्या मंजुरीच्या वेळी त्या मार्गावर ३ पिकोसेकंदांचा स्लॅक, म्हणजे न वापरलेला वेळ शिल्लक होता. मिळून ६३, कमी पडले १२. मघाच्या १/६ च्या नियमाने ६३ चा टप्पा (६३/७५)^६ × १०, म्हणजे साडेतीन वर्षांत गाठला जातो. सर्वात प्रतिकूल चिप साडेतीन वर्षांनी बिघडली असती, तेही मुख्य लिंक तुटलेली असताना, राखीव लिंकची गरज पडते नेमक्या त्या क्षणी.

तोललेले पर्याय

सगळीकडे गार्ड बँड वाढवणं हा पहिला पर्याय. ६० चे ८० केले आणि लॉजिकला हात लावला नाही तर पिरियड १२७० होतो आणि क्लॉक ७८७ मेगाहर्ट्झवर येतो. नेटवर्कच्या वेगाला ८०० लागत असल्याने ते शक्य नव्हतं. पिरियड तोच ठेवून लॉजिक ११३० मध्ये बसवायचं तर चिपभरचे सेल मोठे करावे लागले असते. एका फांदीच्या दुखण्यासाठी सगळ्या चिपने क्षेत्रफळ आणि गळती सोसायची, हे टीमला पटलं नाही, आणि ते योग्यच होतं.

व्होल्टेज वाढवण्याचा पर्याय चाचणीच्या टेबलावर फार मोहक दिसतो, कारण ०.८३ ला चिप पास होतच होत्या. पण नाममात्र व्होल्टेज ०.९३ केलं की स्विचिंगची वीज सुमारे ७ टक्के वाढते, तापमान चढतं आणि ताणही वाढतो. झिजेवर औषध म्हणून झीजच वाढवायची, असा तो उपाय. वय वाढेल तसं हळूहळू व्होल्टेज चढवत नेण्याची पद्धत चांगली आहे, पण बोर्डावरचा रेग्युलेटर एकाच व्होल्टेजचा होता. शिवाय त्या पद्धतीला रिंग ऑसिलेटरनेच वाट दाखवायची असते, आणि इथला ऑसिलेटर नेमका हीच झीज पाहू शकत नव्हता.

फर्मवेअरने राखीव लिंकला अधूनमधून जास्त वेळ जागं ठेवायचं, असाही प्रस्ताव आला. ताणाचं प्रमाण १०० टक्क्यांवरून थोडं जरी खाली आलं तरी झीज बऱ्यापैकी कमी होते, हे खरं आहे. मात्र क्लॉक दहा टक्के वेळ चालवला तरी तो त्यातला निम्माच वेळ १ वर असतो, म्हणजे ताण ९५ टक्के उरतो. त्या टोकाला वक्र फार तीव्र आहे आणि ९५ टक्क्यांवर मॉडेल किती विश्वासाचं, याची खात्री कोणी देईना.

चौथा पर्याय त्याच चर्चेतून निघाला: क्लॉक थांबवायचाच नाही. फांदी कायम फिरत राहिली की तिच्या दोन्ही एज सारख्याच मंदावतात. डेटा सोडणारी एज जेवढी उशिरा येते तेवढीच पकडणारीही, आणि फांदीचा उशीर एकमेकांत वजा होतो. ७५ मधले ३० जातात, डेटाचे ४५ उरतात. ६३ च्या आत १८ पिकोसेकंदांची मोकळीक मिळते.

काय केलं

तयार असलेल्या चिपसाठी चौथा पर्याय निवडला. क्लॉक-गेट बंद करण्याचा एक बिट रजिस्टरमध्ये आधीपासून होता, फर्मवेअरने तो सुरुवातीलाच लावायचा एवढंच काम. खर्च १८ मिलिवॅट, कायमचा.

उत्पादनातल्या टेस्टकडे पाहताना आणखी एक चूक सापडली. नव्या चिपची टेस्ट गार्ड बँडसकट घ्यायची म्हणून ती ८०० ऐवजी ८४० मेगाहर्ट्झला घेतली जात होती. पिरियड ११९०, म्हणजे ६० पिकोसेकंद कमी. पूर्ण सायकलच्या मार्गाला हे बरोबर आहे. अर्ध्या सायकलच्या मार्गाचा वेळ मात्र ६२५ वरून ५९५ होतो, म्हणजे त्याची कसोटी फक्त ३० पिकोसेकंदांची. डिझाइनमध्ये ६० राखले होते, टेस्टमध्ये त्यातले निम्मेच तपासले जात होते. ४५ तपासायचे तर पिरियड ९० ने कमी करावा लागतो, ११६० पिकोसेकंद, म्हणजे ८६२ मेगाहर्ट्झ. त्या वेगाला इतर मार्ग टिकणार नाहीत, म्हणून फक्त त्या मार्गाची स्वतंत्र पाथ-डिले टेस्ट जोडली.

पुढच्या आवृत्तीत क्लॉक-गेट परत सुरू करायचं होतं, तेव्हा त्या ब्लॉकचे सेल थांबलेल्या झिजेसाठी वेगळे मोजले:

```
set_app_var timing_clock_reconvergence_pessimism same_transition
set_timing_derate -increment -late -cell_delay 0.10 [get_cells u_stby]
```

दुसरी ओळ त्या ब्लॉकच्या उशिरात १० टक्के भर घालते. पहिली ओळ नसती तर दुसरीचा क्लॉकवरचा परिणाम टूलने पुसून टाकला असता. डेटा सोडणारी आणि पकडणारी एज एकाच इन्व्हर्टरमधून जाते, तेव्हा तोच इन्व्हर्टर एकाच वेळी हळू आणि जलद कसा असेल, असं म्हणून टूल तो फरक परत देतं. नेहमी ते योग्य असतं. इथे एक एज चढती आणि दुसरी उतरती होती, दोघींना ओढणारे ट्रान्झिस्टर वेगळे होते आणि फरक खरा होता. `same_transition` लावल्यावर एकाच दिशेच्या एजनाच ती सवलत मिळते. हे सेटिंग बदलताक्षणी रिपोर्टमध्ये तो मार्ग लाल झाला. आधीच्या साइनऑफमध्ये हे दोन्ही नव्हतं.

मार्गावरचे काही सेल मोठे करून डेटाचा उशीर ४५० वरून ४३० केला. आता झीज ३० आणि ४३ मिळून ७३, आणि हातात ६३ अधिक २०, म्हणजे ८३. बाकी चिपचा गार्ड बँड ६० वरच ठेवला. या आवृत्तीत त्या मार्गाची टेस्ट ९०६ मेगाहर्ट्झला लागते, कारण ७३ तपासायला पिरियड १४६ ने कमी करावा लागतो.

निष्पत्ती

क्लॉक चालू ठेवून नव्या ७७ चिपची १००० तासांची चाचणी पुन्हा घेतली. सर्व पास झाल्या, आणि काठ कुठे आहे तेही मोजलं: सर्वात मंद चिप ०.८१ व्होल्टवर ८१५ मेगाहर्ट्झपर्यंत टिकली. पुढची आवृत्ती क्लॉक-गेट चालू ठेवून १००० तास पार पडली आणि १८ मिलिवॅट परत मिळाले.

काय वेगळं करता आलं असतं

हा दोष सापडला तो चाचणीत चिप खऱ्या फर्मवेअरवर, राखीव लिंक थांबलेली ठेवून चालवली म्हणून. बऱ्याच चाचण्यांत सगळे फ्लॉप सतत हलवत ठेवतात. स्विचिंगमुळे होणारी हॉट कॅरियरची झीज आणि तारांमधलं इलेक्ट्रोमायग्रेशन उघडं पाडायला ते हवंच. पण तसं केलं असतं तर राखीव लिंक फिरत राहिली असती आणि तिन्ही चिप पास होऊन पुढे गेल्या असत्या. आता काही चिप हलत्या पॅटर्नवर आणि काही थांबलेल्या स्थितीत अशी वाटणी केली जाते.

रिंग ऑसिलेटर एकाऐवजी दोन हवे होते: एक कायम फिरता, दुसरा एरवी थांबलेला आणि मोजण्यापुरता चालू होणारा. दोघांतला फरक पहिल्या १६८ तासांतच दिसला असता, कारण १००० तासांच्या झिजेचा जवळपास तीन चतुर्थांश भाग तोवर होऊन गेलेला असतो.

अर्ध्या सायकलचा मार्ग आणि दीर्घकाळ थांबणारा क्लॉक एकाच ब्लॉकमध्ये येत असतील, तर ते आरटीएलच्या, म्हणजे सर्किटचा कोड लिहिण्याच्या टप्प्यावरच यादी करून पाहता येतं. या चिपमध्ये असा एकच ब्लॉक होता आणि ती यादी करायला अर्धा दिवस पुरला असता.

फसलेली चिप हातात आली की पहिल्याच तासात तिची मोजणी पूर्ण करायला हवी होती: कमीत कमी व्होल्टेज, जास्तीत जास्त वेग, दोन्ही टोकांच्या तापमानांना. फळीवर गेलेल्या दोन आठवड्यांत तिन्ही चिप किती सावरल्या याचा आकडा आता कधीच मिळणार नाही, कारण ताण काढल्या क्षणीची नोंद कोणी घेतलीच नव्हती.